ड्रायव्हरच्या नाकासमोर गायक: कारमधल्या टाइम अलाइनमेंटचा नव्वद वर्षांचा प्रवास

(ताज्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी मजकूर जसाच्या तसा.)

आजचा विषय ऐकायला एकदम गॅरेजचा वाटेल, पण त्याची मुळं 1931 सालच्या एका ब्रिटिश पेटंटमध्ये आहेत. कारमध्ये बाहेरून बसवलेला डीएसपी, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर, आणि त्यातला टाइम अलाइनमेंट नावाचा रकाना. त्यात प्रत्येक स्पीकरसमोर एक आकडा भरायचा असतो, मिलिसेकंदांत किंवा सेंटिमीटरमध्ये. आकडे बरोबर बसले की उजव्या दरवाज्यातून गाणारी बाई एकदम उठते आणि स्टेअरिंगच्या पलीकडे, बोनेटवर उभी राहून गायला लागते. हे नक्की का होतं, आणि कुणाच्या जिवावर होतं, ते आज बघू.

सुरुवात कानापासून. 1907 साली लॉर्ड रॅले यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. आवाज कुठल्या दिशेने आला हे माणसाला कळतं कसं, हा प्रश्न होता. त्यांचं उत्तर दोन भागांत आहे. उंच स्वरांसाठी डोकं मध्ये येतं, त्याची सावली पडते आणि पलीकडच्या कानाला आवाज कमी पोचतो, त्यावरून दिशा कळते. खालच्या स्वरांच्या लाटा डोक्यापेक्षा मोठ्या असतात, त्या डोक्याला वळसा घालून जातात. तिथे सावली पडत नाही. तिथे मेंदू वेळ मोजतो: कुठल्या कानाला लाट आधी पोचली? आवाज अगदी बाजूने आला तरी दोन कानांतला हा फरक एका मिलिसेकंदापेक्षा कमी असतो, साधारण 0.6 ते 0.7. ढोबळ सीमारेषा दीड हजार हर्ट्झच्या आसपास: खाली वेळ, वर जोर. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण कारमधल्या ट्यूनिंगचं अर्धं शास्त्र त्यातच आहे.

आता ॲलन ब्लुमलाइन. ईएमआय कंपनीतला इंजिनियर. बायकोबरोबर सिनेमाला गेलेला असताना त्याला खटकलं की नट पडद्यावर डावीकडे जातो पण त्याचा आवाज एकाच जागी राहतो. डिसेंबर 1931 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, 1933 मध्ये ते मंजूर झालं, क्रमांक 394325. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा पाया तिथे आहे.

ब्लुमलाइनची युक्ती अशी. समोर दोन स्पीकर आहेत आणि तुम्ही बरोबर मध्ये बसलाय. दोन्ही स्पीकर तुमच्या दोन्ही कानांना ऐकू येतात. एकाचा आवाज किंचित वाढवला, तर दोन्ही लाटा कानाशी मिसळून अशी बेरीज होते की दोन कानांमध्ये वेळेचा फरक तयार होतो, आणि मेंदूला वाटतं गायक थोडा त्या बाजूला सरकला. दोन्हीचा आवाज सारखा असेल, तर गायक बरोबर मध्ये, जिथे स्पीकरच नाहीये तिथे. या काल्पनिक गायकाला आपण प्रतिमा म्हणू.

पण ही सगळी बेरीज एका अटीवर उभी आहे: दोन्ही स्पीकरचा आवाज तुमच्यापर्यंत एकाच वेळी पोचला पाहिजे. म्हणजे तुम्ही मधल्या रेषेवर बसलेले हवेत. दिवाणखान्यात खुर्ची सरकवता येते. कारमध्ये मधल्या रेषेवर गिअरचा दांडा असतो.

गंमत म्हणजे सुरुवातीच्या कार रेडिओला हा प्रश्नच नव्हता. 1930 साली मोटोरोलाचा रेडिओ आला तेव्हा एकच स्पीकर होता. 1965 मध्ये फोर्डने आपल्या नव्या मॉडेलांत आठ-ट्रॅकची टेप दिली, स्टिरिओ कारमध्ये शिरला आणि त्याच्याबरोबर हा प्रश्नही शिरला. पुढे स्पीकर दरवाज्यांत गेले. ड्रायव्हरच्या एका गुडघ्याशी एक स्पीकर, आणि दुसरा पार पलीकडच्या दरवाज्यात.

आकड्यात बघू. आपली नेहमीची उजव्या स्टेअरिंगची हॅचबॅक घ्या. ड्रायव्हरच्या डोक्यापासून टेपने मोजलं: उजव्या दरवाज्यातला वूफर 92 सेंटिमीटर, डावा 136. खिडकीच्या खांबावरचा उजवा ट्वीटर 80, डावा 122. डिकीतला सबवूफर 172. गाडीगणिक हे बदलेल, पण चित्र साधारण असंच असतं.

दोन वूफरमधला फरक 44 सेंटिमीटर. वीस अंश तापमानाला आवाज एका मिलिसेकंदात 34.3 सेंटिमीटर जातो. म्हणजे उजव्या वूफरचा आवाज 1.28 मिलिसेकंद आधी पोचतो. रॅलेची डोक्याची मर्यादा 0.7 ची होती, आपण तिच्या जवळजवळ दुप्पट पुढे आहोत. मेंदू निकाल देऊन मोकळा होतो: गाणं उजव्या दरवाज्यातून येतंय.

एवढंच नाही. गायकाचा आवाज बहुतेक वेळा दोन्ही चॅनलमध्ये सारखाच भरलेला असतो. 1.28 मिलिसेकंद म्हणजे 390 हर्ट्झच्या लाटेचा बरोबर अर्धा फेरा. त्या स्वराला एक लाट वर जात असताना दुसरी खाली येते आणि दोघी एकमेकींना खातात. 390 हर्ट्झ हा माणसाच्या गळ्यातला भर वस्तीचा भाग आहे. म्हणून आवाज पातळ, पोकळ लागतो. पुष्कळ लोक इथे इक्वलायझरने 400 चा पट्टा वर ढकलतात. त्याने काही होत नाही, कारण वाढवाल तेवढं दोन्ही बाजूंना वाढतं आणि तेवढंच एकमेकांना खातं. रोग वेळेचा आहे आणि औषध जोराचं दिलं जातंय.

मग बॅलन्सचं बटण डावीकडे फिरवून भागत नाही का? थोडं भागतं. ट्वीटरच्या भागात प्रतिमा सरकते, कारण तिथे जोर चालतो. खाली वेळ चालते, तिथे ती अडून बसते. परिणाम असा की गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ मध्ये येतात आणि बाकीची गायिका दरवाज्यातच राहते.

बरं, आवाज उशिरा सोडण्याची कल्पना आली कुठून? कारमधून नाही. 1930 च्या दशकात हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत एलिनॉर पॉवेलच्या टॅप डान्सचा प्रत्येक ठोका थिएटरमध्ये दोनदा ऐकू यायचा, अशी हकिकत ध्वनीवाले नेहमी सांगतात. कारण असं निघालं की खर्जाचा भोंगा लांबलचक होता आणि वरच्या स्वरांचा आखूड. खर्ज सुमारे आठ फूट जास्त चालून येत होता. मग नव्या रचनेत दोन्ही भोंगे असे बसवले की त्यांची अंतरं जुळतील. त्या काळी वेळ जुळवायची म्हणजे लाकूड कापायचं आणि लोखंड सरकवायचं.

1949 साली जर्मनीत ग्योटिंगेनला हेल्मुट हास याने आपल्या प्रबंधात उशिरा येणाऱ्या आवाजावर प्रयोग केले. त्याच वर्षी अमेरिकेत वॉलाक, न्यूमन आणि रोझेनझ्वाइग यांनीही हेच दाखवलं: तोच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या फरकाने आला, तर माणसाला दोन आवाज ऐकू येत नाहीत. एकच येतो, आणि जो आधी पोचला त्याच्या दिशेने येतो. हासने दाखवलं की मागून येणारा आवाज बराच मोठा असला तरी पहिल्याचा मान जात नाही.

याचा पहिला मोठा उपयोग लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये झाला, 1951 च्या सुमारास. एवढ्या मोठ्या घुमणाऱ्या वास्तूत मागच्या माणसाला प्रवचन कळावं म्हणून पार्किन आणि टेलर यांनी लांबवर स्पीकर लावले, आणि प्रत्येकाला त्याच्या अंतराप्रमाणे उशिरा बोलायला लावलं. उशीर करायला एक फिरती चुंबकीय चकती होती. तिच्या कडेवर आवाज भरायचा आणि पुढे ठरावीक अंतरावर बसवलेल्या हेडने तो परत वाचायचा. हेड जितका लांब तितका उशीर. मागे बसलेल्याला वाटायचं, आवाज समोरच्या पीठावरूनच येतोय.

1971 मध्ये लेक्सिकॉनचं डेल्टा टी-101 आलं आणि चकतीची जागा आकड्यांनी घेतली. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला यातली मजा जास्त वाटते. आजच्या 48 किलोहर्ट्झवर चालणाऱ्या डीएसपीत 1.28 मिलिसेकंद म्हणजे सुमारे 62 नमुने. कॅथीड्रलमध्ये ज्यासाठी चकती फिरत होती ते काम आता 62 आकड्यांच्या एका ॲरेचं आहे. एक नमुना म्हणजे हवेतले सात मिलिमीटर.

कारवाल्यांच्या हातात मात्र हे यायला वेळ लागला. तोवर अमेरिकेतल्या कार ऑडिओ स्पर्धांमध्ये लोक हॉलिवूडचाच जुना मार्ग वापरत होते. रिचर्ड क्लार्कची ब्युइक ग्रँड नॅशनल ही त्या काळातली गाजलेली गाडी. तिच्यात डॅशबोर्डखाली भोंगे बसवलेले होते. स्पीकर जितके पुढे आणि खोल, तितका डाव्या-उजव्या अंतरातला फरक कमी. गुडघ्याजवळच्या कोपऱ्यात स्पीकर बसवायची पद्धतही याच हिशेबातून आली. पुढे डीएसपी स्वस्त झाले, आणि दरवाज्यातला स्पीकर दरवाज्यातच ठेवून त्याला आकड्याने लांब नेता यायला लागलं.

आता प्रत्यक्ष काम. डीएसपीला आवाज आधी सोडता येत नाही, फक्त थांबवता येतो. म्हणून सगळ्यात लांबच्या स्पीकरला शून्य द्यायचं आणि बाकीच्यांना त्याच्यासाठी थांबवायचं. हिशेब एका ओळीचा, अंतरं सेंटिमीटरमध्ये:

```
delay_ms = (d_max - d) / 34.3
```

आपल्या गाडीत सबवूफर 172, त्याला शून्य. डावा वूफर 1.05, डावा ट्वीटर 1.46, उजवा वूफर 2.33, उजवा ट्वीटर 2.68. टेप कुठवर धरायची? सीट नेहमीच्या जागी ठेवा, डोकं असतं तिथे, म्हणजे दोन कानांच्या मध्ये. परदेशातल्या कुणाचं तयार सेटिंग उतरवून घेणार असाल तर आधी बघा, अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो. तिथलं सेटिंग जसंच्या तसं आपल्या गाडीत भरलं, तर अख्खं संगीत बाजूच्या सीटसाठी जुळतं.

टेपचे आकडे ही फक्त सुरुवात. याची दोन कारणं आहेत, आणि दोन्ही नीट समजून घ्यायला हवीत.

पहिलं कारण क्रॉसओव्हर. वूफर आणि ट्वीटर यांची वाटणी समजा 3 किलोहर्ट्झवर केली. तिथे लाट साडेअकरा सेंटिमीटरची आहे. म्हणजे टेप पावणेसहा सेंटिमीटर चुकली तर दोघं उलट दिशेने ढकलायला लागतात आणि वाटणीच्या जागी आवाजात खड्डा पडतो. आणि वूफरचा आवाज त्याच्या शंकूत नक्की कुठून सुटतो हे टेप सांगत नाही. शिवाय फिल्टर स्वतःच उशीर करतो, आणि जितका खालचा फिल्टर तितका जास्त. म्हणून डिकीतला सबवूफर टेपच्या आकड्यावर कधीच नीट बसत नाही. त्यामुळे आधी क्रॉसओव्हर पक्के करायचे, मग वेळ. फिल्टर नंतर बदलला तर वेळ पुन्हा जुळवावी लागते.

इथे एक उलटी युक्ती फार कामाची आहे. जुळलेलं कानाला पटकन कळत नाही, पण एकमेकांना खाल्लेलं लगेच कळतं. समजा सबवूफर आणि वूफरची वाटणी 80 हर्ट्झला आहे. सबवूफरची पोलॅरिटी डीएसपीत उलटी करा, 80 च्या आसपासचा आवाज लावा, आणि वूफर-ट्वीटर सगळ्यांचा उशीर एकत्र थोडा थोडा बदलत जा. जिथे तो आवाज सगळ्यात जास्त पडेल तिथे थांबा आणि पोलॅरिटी परत सरळ करा. आता तेच दोघं तिथे पूर्ण एकत्र आहेत. सगळ्यांचा उशीर सारखाच बदलल्यामुळे डाव्या-उजव्याचा 1.28 चा फरक जागच्या जागी राहतो. फक्त एक जपा: 80 हर्ट्झचा पूर्ण फेरा साडेबारा मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे असाच खड्डा एक फेरा पुढेही सापडतो. टेपच्या जवळचा घ्यायचा. हे जमलं की ढोलकीचा खर्ज डिकीतून उठून पुढे येतो. जमलं नाही तर तो पाठीमागेच राहतो, कितीही महागाचा सबवूफर असो.

दुसरं कारण काच. समोरची काच, बाजूची काच, डॅशबोर्ड, सगळ्यांवरून आवाज उडतो आणि मूळ आवाजामागोमाग कानात शिरतो. हे डीएसपीला सोडवता येत नाही, कारण तो स्पीकरला उशीर करू शकतो, काचेला नाही. म्हणून मायक्रोफोन डोक्याच्या जागी ठेवून रूम ईक्यू विझर्डसारख्या प्रोग्राममध्ये प्रत्येक स्पीकरचा पहिला ठोका कधी पोचला ते बघतात. पहिला ठोका, सगळ्यात मोठा नव्हे, कारण सगळ्यात मोठा कधीकधी काचेवरून आलेला असतो. मोजणीला सामाईक घड्याळ हवं, म्हणून एक स्पीकर संदर्भ म्हणून दर वेळी आधी वाजवतात. कंपनीचा मूळ स्टिरिओ तसाच ठेवून त्याच्यामागे डीएसपी लावला असेल, तर त्या स्टिरिओतून येणारे डावा आणि उजवा सिग्नल आधी एकत्र तपासा. काही कंपन्या आतच उशीर किंवा इक्वलायझेशन करून ठेवतात, आणि मग तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी भांडत बसतात.

शेवटी कान. इथे रॅले परत येतात. आधी ट्वीटर बंद करून 100 ते 400 हर्ट्झचा गोंगाट दोन्ही वूफरमधून सारखाच सोडा. तो उजवीकडे झुकला असेल तर उजव्या बाजूचा उशीर 0.02 नी वाढवत जा, डावीकडे गेला असेल तर कमी करा. मध्ये आला की हात काढा. मग ट्वीटर एकटे, वरच्या पट्ट्यातला गोंगाट. इथे वेळेला हात लावू नका, जोर बदला. उजवा ट्वीटर जवळ असल्यामुळे साधारण तीनएक डेसिबलने खाली आणावा लागतो. खालच्या पट्ट्यात वेळ आणि वरच्या पट्ट्यात जोर, एवढी शिस्त पाळली तर अर्ध्या तासाचं काम आहे. उलटसुलट केलं तर आठवडा जातो. आणि प्रतिमा मध्येही नाही, बाजूलाही नाही, डोक्यात कुठेतरी पसरलीय असं वाटलं, तर उशिराच्या मागे लागू नका. एका स्पीकरच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्यात.

तपासायला काय लावायचं? माझं मत, जुनी मोनो रेकॉर्डिंग. 1950 च्या दशकातली मराठी चित्रपटगीतं, भावगीतं. मोनोमध्ये डाव्या-उजव्यात काहीच फरक नसतो, त्यामुळे अख्खं गाणं, गायिका, तबला, व्हायोलिन, एका बिंदूत गोळा व्हायला हवं. तबला एकीकडे आणि गायिका दुसरीकडे लागली, तर कुठल्या पट्ट्यात बिघाड आहे ते लगेच कळतं. मात्र मूळ मोनोच घ्या. नंतर कृत्रिम स्टिरिओ केलेल्या आवृत्त्या या कामाला निरुपयोगी.

उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीतली हवा 45 अंशांवर गेली की आवाजाचा वेग सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. आपल्या 44 सेंटिमीटरच्या फरकात त्याने 0.05 मिलिसेकंदाची चूक येते, म्हणजे दोन सेंटिमीटर. एसी लागला की जातेही. त्यापेक्षा डोक्याची काळजी करा: दहा सेंटिमीटर बाजूला झुकलात तर फरक जवळजवळ बारा सेंटिमीटरने बदलतो, म्हणजे 0.35 मिलिसेकंद. प्रतिमा तेवढ्यानेही सरकते.

आणि आता बाजूच्या सीटचं. डीएसपी नसताना तिथल्या माणसाला डावा वूफर 1.28 मिलिसेकंद आधी ऐकू येत होता, तुमच्या आजाराचंच आरशातलं रूप. तुम्ही उजवी बाजू आणखी 1.28 ने मागे ढकललीत. आता त्याच्यासाठी फरक झाला 2.57 मिलिसेकंद. हासच्या नियमाप्रमाणे त्याच्यापुरता उजवा स्पीकर दिशा सांगायच्या कामातून बादच झाला, सगळं गाणं त्याच्या डाव्या खिडकीत. तुम्ही म्हणाल काय आवाज बसलाय, आणि बाजूला बसलेली बायको म्हणेल तुमच्या बाजूचा स्पीकर बंद पडलाय का. दोघंही खरं बोलताय.

ही अडचण स्टिरिओच्या जन्माइतकीच जुनी आहे. 27 एप्रिल 1933 ला बेल लॅब्जने फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला. लिओपोल्ड स्टोकोव्स्की वॉशिंग्टनला नियंत्रणाशी बसले होते. तिथे दोन नव्हे, तीन चॅनल होते. सभागृहभर लोक बसणार, मधल्या रेषेवर फार थोडे, म्हणून मध्ये खरा स्पीकर. डॅशबोर्डच्या मध्यावर स्पीकर आणि डीएसपीत मधला चॅनल वेगळा काढायची सोय असलेले कारवाले आज तेच करतात, पण ते चॅनल वेगळं काढणं हा डीएसपीचा निराळाच उद्योग आहे, त्यावर एक अख्खा भाग होईल.

तोवर साधा उपाय. बहुतेक डीएसपीत सेटिंग साठवायला एकाहून जास्त जागा असतात. पहिल्या जागेत ड्रायव्हरचं सेटिंग ठेवा. दुसऱ्या जागेत डाव्या-उजव्याचे आकडे सारखे करून ठेवा: दोन्ही वूफर 1.05, दोन्ही ट्वीटर 1.46, आणि उजव्या ट्वीटरचा कमी केलेला जोर परत वर. सबवूफर जुळवताना सगळ्यांना जो सारखा उशीर मिळवला होता, तो इथेही तेवढाच मिळवायचा. यात गायक कुणाच्याच समोर येत नाही, दोघांनाही आपापल्या दरवाज्यातून ऐकू येतो. घरची मंडळी गाडीत असतील तेव्हा दुसरी जागा लावायची.